आमची वाटचाल: फ्लेक्सच्या दुकानापासून 16 पिक्सेलच्या अक्षरापर्यंत

आमचा धंदा सांगलीत सुरू झाला तो डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानातून. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, निवडणुका आल्या की बॅनर. त्याच गिऱ्हाइकांनी पुढे "आता वेबसाईटपण तुम्हीच करून द्या" असं म्हटलं आणि आम्ही या कामात शिरलो. छपाईतली एक सवय तेवढी सोबत आली. कटिंग नीट होऊन, कडा तपासून झाल्याशिवाय माल दुकानाबाहेर जात नसे. वेबसाईटचं कटिंग म्हणजे टॅबवरचं छोटं चिन्ह, त्याशेजारचं शीर्षक आणि लिंक पाठवली की उमटणारा फोटो. आमच्याकडे या कामाला वेगळा दिवस असतो आणि कोटेशनमध्ये वेगळी ओळ. "यात पैसे घेण्यासारखं काय आहे?" असं अजूनही विचारलं जातं, म्हणून एक काम सविस्तर सांगतो.

गिऱ्हाईक मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. तीन पिढ्यांची पेढी. लोगो गोल, मधे गणपती, भोवती कमानीसारखं पेढीचं नाव, खाली स्थापनेचं साल. पाटीवर आणि पोत्यावर तो देखणा दिसतो. पण ब्राउझरच्या टॅबवर साध्या स्क्रीनला जागा मिळते 16 बाय 16 पिक्सेल. तिथे तो लोगो टाकला की तपकिरी ठिपका उरतो. शेठजींना आम्ही तो ठिपका स्क्रीनवर दाखवला आणि विचारलं, "यातनं तुमचं दुकान कुणाला ओळखू येईल?" त्यांचं उत्तर होतं, "मग नाव घाला." नाव तर त्याहून मोठं. शेवटी एका अक्षरावर आलो.

पेढीचं नाव 'श्री'ने सुरू होतं. यार्डातल्या निम्म्या पेढ्यांचं होतं, त्यामुळे 'श्री' घेतला तर ओळख पटत नाही, आणि तो एवढ्या जागेत मावतही नाही. देवनागरी अक्षराची ही खरी अडचण आहे. चारी बाजूंनी 2 पिक्सेल मोकळे सोडले की हाताशी 12 उरतात. त्यातले 2 शिरोरेषेला गेले की अक्षराच्या अंगाला 10 ओळी. वर वेलांटी आली तर आणखी तीन-चार ओळी जातात आणि अक्षर चेपून जातं. 'क' किंवा 'क्ष'च्या पोटातल्या फटी बुजतात. रोमन अक्षराला हा त्रास कमी, म्हणून कित्येक मराठी दुकानांच्या टॅबवर रोमन अक्षर दिसतं. आम्हाला ते पटत नाही. पाटी मराठी, मजकूर मराठी, मग टॅबवरच का नको?

नावातला दुसरा शब्द 'ग'ने सुरू होत होता. हे नशीबच म्हणायचं, कारण 'ग'ला दोन उभ्या रेषा, एक छोटी गाठ आणि मधे भरपूर मोकळी जागा. तरीही तयार फॉन्टमधला 'ग' लहान करून चालला नाही. उभी रेषा दीड पिक्सेलवर येते आणि उरलेला अर्धा पिक्सेल ब्राउझर फिकट रंगाने भरतो, म्हणून कडा धुरकट दिसतात. आमच्या डिझायनरने 16 चौकटींच्या जाळीवर अक्षर नव्याने काढलं. शिरोरेषा 2 पिक्सेल, दोन्ही दंड 2 पिक्सेल, गाठ गोल न ठेवता चौकोनी, आणि प्रत्येक कड पूर्ण आकड्यावर. मोठं करून पाहिलं तर ते अक्षर ओबडधोबड वाटतं, टॅबवर मात्र स्वच्छ वाचता येतं. विंडोजचं स्केलिंग 125 टक्के असेल तर तेच चिन्ह 20 पिक्सेलचं होतं आणि कडा थोड्या फिकटतातच, त्याला इलाज नाही.

शेठजींना हळदीच्या पिवळ्यावर पांढरं अक्षर हवं होतं. पिवळ्यावर पांढरं उठत नाही, म्हणून गडद तपकिरी घेतलं. मागची जागा पारदर्शक ठेवली नाही, कारण डार्क थीममध्ये टॅब काळा होतो आणि तपकिरी अक्षर त्यात बुडतं. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी 180 पिक्सेलचं चित्र वेगळं दिलं. तिथे पारदर्शक भाग काळा दिसतो आणि कोपरे आयफोन स्वतःच गोल करतो, म्हणून ते पूर्ण चौकोनी आणि पूर्ण भरलेलं लागतं. पानाच्या डोक्यात एवढंच गेलं:

```html
<link rel="icon" href="/favicon.ico" sizes="32x32">
<link rel="icon" href="/icon.svg" type="image/svg+xml">
<link rel="apple-touch-icon" href="/apple-touch-icon.png">
```

पहिली फाईल जुन्या पद्धतीची, इंटरनेट एक्स्प्लोरर 5 च्या काळातली, म्हणजे 1999 ची. तरीही ती मुळातल्या फोल्डरमध्ये ठेवतोच. पानात काही लिहिलेलं नसलं तर ब्राउझर आपणहून ती मागतो आणि ती नसेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये 404 च्या, म्हणजे 'फाईल सापडली नाही' अशा ओळी साठत जातात. वर्डप्रेसच्या साईटवर साईट आयकॉन दिला नाही, तर बहुतेक वेळा वर्डप्रेसचाच निळा 'W' टॅबवर येतो. साईट कुणी अर्धवट सोडली आहे हे मला आधी तिथेच कळतं.

शीर्षकाकडे लोक त्याहून कमी बघतात. टॅब दहा-बारा उघडे असले की पहिली चार-पाच अक्षरंच दिसतात. प्रत्येक पानाचं शीर्षक पेढीच्या नावाने सुरू केलं तर सगळे टॅब सारखे होतात. म्हणून आतल्या पानांवर आधी माल आणि नंतर पेढी: 'राजापुरी हळद', 'सेलम हळद', 'भाव आणि मागणी', मग उभी रेघ आणि पेढीचं नाव. फक्त पहिल्या पानावर पेढी आधी. 'होम' हा शब्द कुठेच नाही.

याच कामात एक जुनी गाठ सुटली. शेठजींच्या आधीच्या साईटचा मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमधला, युनिकोड नसलेला होता. पानावर तो फॉन्ट जोडलेला असल्यामुळे मराठी बरोबर दिसायचं, पण टॅबवर वेबसाईटचा फॉन्ट चालत नाही, तिथे कॉम्प्युटरचा स्वतःचा फॉन्ट लागतो. त्यामुळे शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी यायची. गूगलवर ही पेढी मराठीतून शोधून का सापडत नव्हती, तेही यातून उलगडलं. सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून हाताने तपासला. रफार आणि जोडाक्षरं अशा बदलात हमखास घसरतात.

हळदीचा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, म्हणून लिंकसोबत दिसणाऱ्या फोटोसाठी `og:image` दिला, 1200 बाय 630 पिक्सेलचा. त्याचा पत्ता `https` पासून पूर्ण लिहावा लागतो. नुसतं फाईलचं नाव लिहिलं तर फोटो येण्याची खात्री नसते. फाईलही हलकी ठेवली.

तपासणी खाजगी विंडोत करतो, कारण ब्राउझर जुनं चिन्ह बरेच दिवस धरून ठेवतो. चिन्ह बदललं की फाईलचं नावही बदलतो. गूगलच्या निकालात नवं चिन्ह यायला मात्र काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि तिथे 48 पिक्सेलपेक्षा मोठं चौकोनी चित्र असलेलं बरं. हे गिऱ्हाइकाला साईट देतानाच लिहून देतो, म्हणजे तिसऱ्या दिवशी "आमचं चिन्ह का दिसत नाही?" असा फोन येत नाही.

या कामानंतर आम्ही लोगोच्या कामाची रीतच बदलली. नवीन दुकानाचा लोगो आमच्याकडे आला की आधी नावातलं मात्रा नसलेलं अक्षर शोधतो, ते 16 च्या जाळीवर बसवतो आणि मगच मोठा लोगो काढायला घेतो.