बाराव्या सुईनंतर

"मी आंधळी नाहीये हो ताई."

मी मसुदा वाचून दाखवत होते आणि दुसऱ्याच ओळीला तिने मला थांबवलं. आवाजात राग नव्हता. माझ्याकडून मोठीच चूक झाली आहे आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती जपून सांगते आहे, असा सूर होता.

डोळ्यांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेसाठी मी समाजमाध्यमांवरच्या पोस्ट लिहिते. आमच्या शिबिरात या बाईंना वाचायचा चष्मा मिळाला होता. वय अठ्ठेचाळीस, शिवणकाम करतात. ज्याची गोष्ट आहे त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची, हा मी स्वतःपुरता केलेला नियम. शिबिरात फॉर्मवर सही घेतली की संमती झाली, असं बरेच जण मानतात. पण ती सही फोटोला असते, आपण नंतर लावलेल्या विशेषणांना नसते.

मसुदा आमच्या सरांचा होता. "जगभरात २२० कोटी लोक दृष्टिदोषाने ग्रस्त आहेत. अशाच एका अंधारलेल्या आयुष्यात आम्ही प्रकाशाचा किरण आणला." आकडा खरा आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. बाईही खऱ्या आहेत. खोटा आहे तो दोघांना जोडणारा शब्द, "अशाच". वाचणारा २२० कोटी आणि अंधार एकत्र वाचतो आणि डोळ्यांपुढे पांढरी काठी आणतो. त्या २२० कोटींत लांबचं न दिसणारे, जवळचं न दिसणारे, चष्मा लावून व्यवस्थित काम चालवणारे, सगळे येतात. संघटनाच पुढे सांगते की त्यातल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून काही झालेलं नाही. आणि त्या १०० कोटींची फोड पाहिली की मोतीबिंदूचे ९ कोटी ४० लाख निघतात, आणि नुसत्या चाळिशीचे ८२ कोटी ६० लाख.

हो, चाळिशीच. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्या वस्तूवर नजर ठरेनाशी होते आणि माणूस कागद लांब धरू लागतो. आपल्या भाषेत त्या वयाला, त्या तक्रारीला आणि तिच्यावरच्या चष्म्याला एकच शब्द आहे. लिहिणाऱ्याला वाटावं, सोय झाली. उलट अडचण झाली. सर म्हणाले, "चाळिशी? ती काय दुःखाची गोष्ट आहे का? घरोघरी असते." म्हणून त्यांना अंधार हवा होता. शब्द इतका घरचा की ऐकताच माणूस हसतो, आणि चष्मा न मिळालेल्याचं काय होतं हे त्याला कधी विचारावंसंच वाटत नाही.

मग मी बाईंना विचारलं. फील्डवरच्या सहकाऱ्याच्या टिपणात "डोळ्यांमुळे कामात अडचण" एवढंच होतं, आणि त्याला मी दोष देत नाही, शिबिरात एका माणसामागे त्याला तीन मिनिटं मिळतात. पण "तुम्हाला कसं वाटायचं?" असं विचारलं की "त्रास व्हायचा" याच्या पुढे कुणी जात नाही. मी विचारलं, चष्मा नव्हता तेव्हा सकाळी कामाला बसताना आधी काय करायच्या? त्या म्हणाल्या, "मुलीला बसवायची. शाळेत जायच्या आधी ती मला बारा सुया ओवून द्यायची. उशीला टोचून ठेवायची, ओळीने. बाराव्या सुईतला दोरा संपला की मग काज-बटणाचं काम तसंच पडायचं, ती परत येईपर्यंत."

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. असा तपशील वर्षातून दोनदा मिळाला तरी नशीब म्हणायचं. दुपारपर्यंत मी हे लिहून दिलं:

"रोज सकाळी मुलगी बारा सुया ओवून शाळेत जायची. बाराव्या सुईतला दोरा संपला की आईचं काम थांबायचं. जगात ८२ कोटी ६० लाख लोकांना जवळचं नीट दिसत नाही, कारण त्यांच्याकडे चष्मा नाही."

सरांना "जायची" ऐवजी "जाते" हवं होतं. वर्तमानकाळ जिवंत वाटतो म्हणे. फोटोत बाईंच्या नाकावर चष्मा आहे, हे त्यांना दाखवावं लागलं.

त्यांना आणखी एक आकडा घालायचा होता. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा दिलेल्यांचं काम, न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. फार चांगला अभ्यास आहे आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी मी तो एकटा वापरीन. पण चार ओळींत दोन आकडे आले की वाचणारा दोन्ही विसरतो. शिवाय शिवणाऱ्या बाईशेजारी चहा खुडणारे आले की माणसंही दोन होतात.

पोस्ट गेली. तासाभरात प्रतिसाद यायला लागले, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. सर खूश. मी खाली खाली वाचत गेले आणि पोटात गोळा आला. "सुई ओवायची छोटी पट्टी मिळते, ती का नाही देत?" "मी दहा पट्ट्या पाठवते, पत्ता द्या." "शिवणयंत्रालाच ओवणी बसवलेली असते हल्ली." एकाने लिहिलं होतं की मुलीला अशा कामाला लावणं बरोबर नाही. चष्म्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नव्हतं. ८२ कोटींबद्दल तर एकही ओळ नव्हती.

माझ्याकडे एक जुनी चाचणी आहे. विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला पोस्ट फोनवर एकदा वाचू द्यायची, फोन उलटा ठेवायचा आणि पाच मिनिटांनी विचारायचं, "काय होतं त्यात? किती लोकांचं होतं?" ही मी पोस्ट जायच्या आधी करायला हवी होती. तपशिलाच्या प्रेमात पडून केली नाही. आता केली. लेखापाल, बाजूच्या ऑफिसातल्या दोघी, पहारेकरी आणि माझा भाऊ, असे पाच जण. पाचही जणांनी बारा सुया अचूक सांगितल्या. आकडा एकाने "ब्याऐंशी लाख" सांगितला, एकाने "आठ कोटी", आणि बाकीचे म्हणाले, "होता काहीतरी मोठा."

स्मॉल, लोवेन्स्टीन आणि स्लोव्हिक यांचा २००७ सालचा प्रयोग आमच्या धंद्यात सगळे सांगतात. लोकांच्या हातात पाच डॉलर दिले आणि त्यातले किती दान करता ते पाहिलं. एका मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसते आकडे वाचलेल्यांनी १.१४, आणि दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी १.४३. म्हणजे गोष्टीला आकडा जोडल्यावर गोष्टीचा जोर उतरला. यावरून काही जण आकडाच टाकून द्या म्हणतात. पण तो प्रयोग दान मागण्याचा होता. आम्ही पैसे मागत नव्हतो, चष्म्याचा प्रश्न केवढा आहे ते सांगत होतो. आकडा काढला तर एका बाईची अडचण उरते आणि तिला पट्टी पुरते. वाचक चुकलेच नव्हते. मी जे लिहिलं होतं त्याला त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं.

पहिल्या दोन वाक्यांनी विचारलं होतं, हिची सुई कोण ओवणार? तिसरं वाक्य भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं. "चष्मा" हा शब्द थेट शेवटी आला होता, आणि फोनवर "आणखी वाचा" च्या वर जेवढं दिसतं त्यात तो बसतच नव्हता. आपल्या लिपीत ही जागा लवकर संपते, कारण यंत्र काना, मात्रा आणि पाय मोडल्याची खूणही स्वतंत्र मोजतं. "दृष्टी" आपल्याला दोन अक्षरं, त्याला सहा. म्हणून माझ्या पहिल्या ओळीत मी जोडाक्षरं टाळते. "ग्रस्त" आणि "अद्याप" तर असेही जातात.

आकड्याचंही तसंच. गोष्ट एका चष्म्याची असेल तर आकड्यानेही चष्मेच मोजायला हवेत. ८२ कोटी ६० लाख ज्या अभ्यासातून येतात त्यात दुसरी संख्या आहे. २०१५ साली जगात चाळिशी लागलेले लोक १८० कोटी होते. १८० कोटींत ८२.६, म्हणजे शेकडा ४६. निम्म्याला थोडे कमी. ही फोड कागदावर केली तेव्हा मला माझीच लाज वाटली, इतकी ती समोर होती. "निम्मे" हा शब्द कुणी विसरत नाही आणि त्याचे लाख-कोटी चुकत नाहीत. लोकसंख्येशी भागून "दहात एक" हेही काढता आलं असतं, पण त्यात लहान मुलंही येतात, ज्यांना हा चष्मा लागतच नाही.

संध्याकाळी लिहिलं ते असं:

"सुई ओवायला तिला दुसऱ्याचे डोळे लागायचे. आता जवळचा साधा चष्मा पुरतो. असा चष्मा लागणाऱ्या जगातल्या जवळपास निम्म्या लोकांकडे तो नाही, किंवा आहे तो पुरेसा नाही. (२०१५ चा अंदाज)"

"पुरेसा नाही" हे सरांना कापायचं होतं, वाक्य लंगडतं म्हणून. लंगडतंच. पण अभ्यासात जुना, कमी नंबरचा चष्मा वापरणारेही मोजलेले आहेत. ते काढलं तर आकडा आमच्या सोयीचा होतो.

पाच नवे लोक शोधले, फोन उलटा ठेवला. चौघांनी सांगितलं, "निम्म्या लोकांकडे वाचायचा चष्माच नाही." बाई कोण होती विचारल्यावर मात्र "कुणीतरी शिवणारी" एवढंच. एकीला तर ती आजी वाटली होती. पोस्ट बदलली, प्रतिसाद कमी झाले आणि जे आले ते चष्म्याबद्दल होते. दोन जणांनी विचारलं, शिबिर कधी आहे.

रात्री बाईंना फोन करून नवा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, मध्ये थांबवलं नाही. "बरोबर आहे," म्हणाल्या. मग फोन बाजूला धरून कुणाशी तरी काही बोलल्या.

"मुलगी विचारतेय, माझ्या बारा सुया कुठे गेल्या?"