शून्य तिकीट आणि वडापची पावती

२०२४ च्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात प्रवासखर्चाची नवी पद्धत आली. कागदी व्हाउचर बंद. बिलाचा फोटो मोबाइलवरून चढवायचा, खातेप्रमुखांनी मंजूर करायचा, पैसे पगारासोबत. लोकांच्या शंकांसाठी प्रश्नोत्तरांचा कागद लिहायचं काम अकाउंट्समधल्या माझ्या गळ्यात पडलं. एका संध्याकाळी लिहून मोकळा झालो. त्यातलं एक उत्तर मला भलतंच आवडलं होतं: ‘पावती नाही, तर पैसे नाहीत. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर हवाच.’

आठवड्याभरात क्वालिटीतल्या एका मॅडमचा कोल्हापूरचा क्लेम आला आणि तीन ओळींत माझा कागद आडवा झाला. बेळगाव ते निपाणी, कर्नाटकात बायकांना बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट. निपाणी ते कोल्हापूर वडापची जीप, पावती नाही. लॉजचं बिल १,६८० रुपये, त्यावर कंपनीचा नंबर नाही. मी तिन्ही ओळी परत पाठवल्या.

दुपारी त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “सर, वडापवाल्याकडं पावती मागितली तर तो मलाच खाली उतरवंल.”

खरंच होतं ते. रोज त्याच जीपमधून फिरणाऱ्यांसाठी मी विमानतळावरची भाषा लिहिली होती.

मग बिल नीट बघितलं. खोली १,५००, केंद्राचा कर ९०, महाराष्ट्राचा ९०. खोलीवरचा कर ती खोली ज्या राज्यात आहे तिथला लागतो. आमची नोंदणी कर्नाटकातली, नंबर २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राच्या बिलावर तो छापला असता तरी या १८० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे आमच्या भरायच्या करातून वजावट, आम्हाला मिळणार नव्हतं. हेच बिल हुबळीचं असतं, तर नंबराअभावी १८० रुपये खरोखर बुडाले असते. म्हणजे जिथं नंबराचा उपयोगच नाही, तिथं मी त्याच्यासाठी बाईंचे पैसे अडवले होते. हे मला लिहिण्याआधी सुचायला हवं होतं, पगार त्याचाच घेतो.

कागद परत लिहिला. लॉजच्या प्रश्नाखाली हुबळी आणि कोल्हापूर अशी दोन उदाहरणं शेजारी-शेजारी टाकली: हुबळीला नंबर सक्तीचा, कोल्हापूरला कंपनीचं नाव आणि तारीख पुरे. वडाप आणि रिक्षाला साहेबांकडून फेरीमागे १०० रुपयांपर्यंत विनापावती सूट मिळवली. कुठून कुठं, किती दिले, एवढं लिहून सही करायची. शून्य तिकिटाचे पैसे नाहीत, कारण खिशातून काही गेलेलंच नाही. पण तिकीट जोडायचं, त्यावरून त्या दिवशीचा प्रवास कळतो.

मॅडमना लॉज आणि वडाप मिळून १,७४० रुपये मिळाले. शून्य तिकिटावर मात्र त्यांचं समाधान झालं नाही. “म्हणजे पुरुषमाणसाला भाडं, आणि मला सरकारनं फुकट नेलं म्हणून काहीच नाही?” हाही प्रश्न कागदावर घेतला. कन्नड प्रत करणाऱ्या सहकाऱ्यानं उत्तर तेवढं माझ्याकडूनच तपासून घेतलं.