गुडघा उतारावर बोलतो

चढताना गुडघा गप्प होता. नागपूरच्या सेमिनरी हिल्सची चढण मी एका दमात, म्हणजे खरं तर तीन दमांत चढले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वय त्रेपन्न, पायात घरातल्या सपाट स्लिपर. बोंब सुरू झाली ती उतरताना. प्रत्येक पावलागणिक वाटीखाली कळ. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाप्पा, एवढी घाई कायले केली वो?"

फिजिओथेरपिस्ट बाईंनी कारण सांगितलं. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकसारखा लागतो. वाकलेल्या गुडघ्यावर शरीर सावरून धरताना गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. म्हणून चढणीपेक्षा उतार जास्त दुखतो. सूज उतरली की सपाट जागेवर रोज दहा मिनिटं चालायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. चालताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर आदल्या दिवशीचं चालणं जास्त झालं असं समजायचं आणि वेळ कमी करायची. गुडघा पुन्हा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर थेट डॉक्टर.

चालायला स्लिपर चालत नाहीत, हे मात्र मला पटायला वेळ लागला. त्या पायातून निसटू नयेत म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात, त्यामुळे पाऊल अखडतं, हे मी स्वतःच्या पायांकडे नीट बघितल्यावर कळलं. मग संध्याकाळी सीताबर्डीला गेले. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. मोजे घरचेच नेले. दुकानदाराने आधी एक मऊमऊ, गादीसारखा बूट पुढे केला. मी तो हातात धरून वाकवला, तर मधोमध दुमडला. बूट बोटांच्या सांध्याशी वाकावा, मध्ये नाही. टाच धरणारा मागचा भाग दाबून बघावा, तो लगेच चेपता कामा नये. माझा डावा पाय उजव्यापेक्षा जरा मोठा निघाला, मग माप डाव्याचं घेतलं आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवली. नवऱ्याला हे सगळं सोनं पारखण्याइतकं लांबलं असं वाटलं.

पहिला महिना रेशीमबागच्या मैदानात काढला. रस्त्याच्या कडेने चालत नाही, कारण कडा पाण्यासाठी उतरती असते आणि एक पाय कायम खाली पडतो. दहाची पंधरा, पंधराची वीस मिनिटं झाली. मे महिन्यात साडेपाचलाच निघते, नंतर ऊन पाय टाकू देत नाही.

आता रविवारी पुन्हा सेमिनरी हिल्सला जाते. परवा वर पोचल्यावर ऑटोवाल्याला हात केला, तर तो म्हणाला, "काऊन काकू, चढले पायी अन् उतरायले ऑटो?"

"हो," म्हटलं, "घे बाबा, गुडघ्याचं भाडं देते."