प्राध्यापकांना लिहिलेले पत्र

आज इंदूरच्या घरी बसून संशोधन साहाय्यकाच्या जागेसाठी एका प्राध्यापकांना पत्र लिहिले आणि त्यातला एकच परिच्छेद लिहिण्यात माझी अख्खी दुपार गेली.

त्यांची प्रयोगशाळा पाण्याच्या ताणाखाली सोयाबीनच्या मुळांवरील गाठी नत्र स्थिर करणे का थांबवतात, हे शोधते. मी एम.एस्सी.ला माळव्यातल्या काळ्या मातीतून याच गाठींमधले जिवाणू वेगळे केले होते. पहिल्या मसुद्यात मी मला येणाऱ्या सगळ्या तंत्रांची यादी दिली होती. ती काढून टाकली. त्याऐवजी लिहिले की, काँगो रेड हा रंग घातलेल्या माध्यमावर दोन दिवसांतच उगवून लाल झालेल्या वसाहती मी बाजूला ठेवल्या आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दिसलेल्या, रंग फारसा न शोषणाऱ्या पांढुरक्या वसाहती पुढे नेल्या, कारण सोयाबीनच्या गाठींतला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू सावकाश वाढतो. केवळ रंगावर ओळख पक्की होत नाही, म्हणून निर्जंतुक वाळूत सोयाबीन लावून ते जिवाणू पुन्हा दिले. आलेली गाठ कापल्यावर आतून गुलाबी निघाली, म्हणजे तिच्यात नत्र स्थिर करणाऱ्या गाठींत आढळणारे लेगहिमोग्लोबिन हे लालसर प्रथिन होते.

मात्र गुलाबी रंगावरून नत्र किती स्थिर झाले, हे कळत नाही. त्यासाठी लागणारी अ‍ॅसिटिलीन चाचणी मी केलेली नाही, हेही स्पष्ट लिहिले आणि माझे जिवाणू कोरड्या कुंड्यांत तपासून ती चाचणी तिथे शिकण्याची इच्छा कळवली.

कापलेल्या गाठीचे छायाचित्र जोडून संध्याकाळी पत्र पाठवले.