बीटाट्रॉनचा चुंबक, नोंद ४: निम्मं क्षेत्र नेमकं कुठे सापडतं

बीटाट्रॉन म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉनना एकाच वर्तुळाकार कक्षेत फिरवत वेग देणारं यंत्र. मागच्या नोंदीत त्याच्या चुंबकाचा सांगाडा उभा झाला होता. या वेळी प्रश्न एकच होता: माझ्या चुंबकात १:२ ची अट, म्हणजे कक्षेवरचं क्षेत्र आतल्या सरासरी क्षेत्राच्या निम्मं असण्याची, खरोखर कोणत्या त्रिज्येवर पाळली जाते? कागदावर ६० मिलिमीटरवर. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला ती जागा १३ मिलिमीटर बाहेर निघाली.

आधीच सांगून ठेवतो, ही नुसती चुंबकाची प्रतिकृती आहे. निर्वात नळी नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नच नाही. कक्षेवर जेमतेम १० मिलिटेस्लाचं शिखर क्षेत्र, १०० हर्ट्झ, आणि ते चालवायला एक साधा ऑडिओ अॅम्प्लिफायर.

अट कुठून येते ते नव्यांसाठी थोडक्यात. r त्रिज्येवर फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा संवेग p = eBr, आणि इथला B म्हणजे कक्षेवरचं क्षेत्र. त्याला पुढे ढकलणारं विद्युत क्षेत्र मात्र कक्षेच्या आतल्या सगळ्या फ्लक्सच्या बदलातून येतं:

```
dp/dt = (e / 2πr) · dΦ/dt
r स्थिर ठेवून:   ΔΦ = 2πr² · ΔB
म्हणजेच:        ΔB = ½ · ΔB_सरासरी
```

यात वस्तुमान कुठेच येत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचला तरी अट तीच राहते. रॉल्फ विडेरोने हे गुणोत्तर विद्यार्थीदशेतच, १९२३ च्या सुमारास, वहीत मांडलं होतं. पण त्याचं स्वतःचं यंत्र चाललं नाही. चालणारं पहिलं यंत्र डोनाल्ड कर्स्टने १९४० मध्ये इलिनॉय विद्यापीठात उभं केलं, २.३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचं. मधल्या काळात उलगडत गेलेली गोष्ट म्हणजे कक्षेची स्थिरता, आणि माझी पहिली चूकही तिथेच होती.

सुरुवातीला वाटलं होतं की ध्रुवांमधली फट मध्याकडे निमुळती करत नेली की झालं. आत क्षेत्र वाढत जाईल आणि सरासरी आपोआप दुप्पट होईल. हिशेब करून पाहिला. क्षेत्र r च्या वाढीबरोबर r⁻ⁿ असं घटत असेल, तर आतली सरासरी कडेच्या क्षेत्राच्या 2/(2−n) पट येते. ती दुप्पट व्हायला n बरोबर १ लागतो. आणि n = १ झाला की आडव्या दिशेची स्थिरता संपली: कक्षेवरून जरा ढळलेल्या इलेक्ट्रॉनला परत खेचणारं काही उरत नाही. स्थिरतेसाठी n शून्य आणि १ च्या मध्ये हवा. मी ०.७ धरलाय, त्याने सरासरी १.५४ पटच होते. उरलेला फ्लक्स मधल्या गाभ्यातूनच यायला हवा. म्हणून बीटाट्रॉनच्या पोटात तो वेगळा, अरुंद फटीचा गाभा असतो. इलेक्ट्रॉन त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत, पण निम्मा फ्लक्स तोच पुरवतो.

माझी मापं अशी. कक्षा ६० मिलिमीटर, तिथे ध्रुवांमधली फट २०. गाभ्याची त्रिज्या २५. गाभ्यापासून कक्षेपर्यंतच्या कंकणातून लागणाऱ्या फ्लक्सपैकी ५२ टक्के मिळतो, बाकी ४८ टक्के गाभ्याच्या वाट्याला. तेवढ्यासाठी गाभ्यातलं क्षेत्र कक्षेवरच्या साडेपाच पट हवं, म्हणजे गाभ्याची फट २० ÷ ५.५, अंदाजे ३.६ मिलिमीटर. (याचा एक दुष्परिणाम: क्षेत्र वाढवत नेलं तर आधी गाभाच संपृक्त होणार. साडेपाचाचा हा गुणक पोलादाच्या मर्यादेला तेवढ्यानेच भागतो.)

आता मोजमाप. मला आधी सुचलेली पद्धत फार देखणी होती. वेगवेगळ्या त्रिज्यांची एकेक वेढ्याची कडी करायची, प्रत्येक कडीतला व्होल्टेज मोजायचा आणि त्याला त्रिज्येने भागायचं. Φ/r हे गुणोत्तर ज्या त्रिज्येवर सर्वांत कमी, तीच बीटाट्रॉन कक्षा. कलन करून पाहा: या गुणोत्तराचा उतार शून्य होण्याची अट म्हणजे हुबेहूब १:२ ची अट. शिवाय तिथे तळ असतो की माथा, हे n एकापेक्षा कमी आहे की जास्त यावर ठरतं. म्हणजे एकाच आलेखात कक्षेची जागाही दिसते आणि तिची स्थिरताही. मी खूश होतो.

पण तळ इतका सपाट निघाला की काही कळेना. चुंबक शेवटी जुळल्यावरचे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. ५० मिलिमीटरच्या कडीत ८३.७ मिलिव्होल्ट, ६० च्या कडीत १००.०, ७० च्या कडीत ११७.२. त्रिज्येने भागलं की १.६७४, १.६६७, १.६७४. २० मिलिमीटरच्या पट्ट्यात अर्धा टक्कासुद्धा फरक नाही. आणि कडीची त्रिज्या मोजण्यात पाव-अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर भागाकारात तेवढीच, अर्ध्या टक्क्याच्या घरातली, चूक घुसते. तत्त्वाला धक्का नाही, पण माझ्या हातच्या कड्यांनी हा तळ सापडणार नव्हता.

म्हणून शून्य-पद्धतीकडे वळलो. एक कडी बरोबर ६० मिलिमीटर त्रिज्येची, एकच वेढा. दुसरी छोटी कॉइल, कक्षेवरच्या एका बिंदूवर आडवी बसवलेली. छोट्या कॉइलचे वेढे गुणिले क्षेत्रफळ जर 2πr² इतकं, म्हणजे २२६ चौरस सेंटिमीटर, भरलं, तर अट पाळली जात असताना दोन्हींचे व्होल्टेज सारखे येतात. ती उलट दिशेने एकापाठोपाठ जोडायची. बाहेर शून्य आलं की कक्षा जागेवर. सरासरी १० मिलिमीटर व्यासाच्या फ्रेमवर त्यासाठी २८८ वेढे लागले. पण वेढे मोजून थांबू नका. बारीक तारेच्या अनेक थरांत प्रत्यक्ष क्षेत्रफळ हिशेबाशी जुळत नाही. मी छोटी कॉइल एका लांब सोलेनॉइडच्या मध्यात, ओळखीच्या क्षेत्रात ठेवून तपासली आणि चार वेढे सोडले. दोन्हींच्या तारा टोकापर्यंत पिळून आणायच्या, नाहीतर तारांच्या मधली मोकळी जागाच फ्लक्स पकडते.

शून्य काही आलं नाही. गाभ्याच्या फटीत प्लास्टिकच्या पातळ चकत्या घालत गेलो तसा उरलेला व्होल्टेज कमी होत गेला, आणि ४ मिलिमीटरच्या आसपास ६ मिलिव्होल्टवर अडून बसला. पुढे चकत्या वाढवल्या की परत वर. दोन संध्याकाळी मी छोटी कॉइल तिरकी आहे का, जोडणी सैल आहे का, हेच बघत बसलो. शेवटी ऑसिलोस्कोपवर उरलेला व्होल्टेज आणि छोट्या कॉइलचा व्होल्टेज एकाखाली एक पाहिले. दोन्ही लाटांत पाव आवर्तनाचा फरक. म्हणजे चूक आकारात नव्हती, वेळेत होती.

दोष गाभ्याचा. मी तो भरीव पोलादाच्या गोल सळईतून कापला होता. १०० हर्ट्झवर भरीव पोलादात भोवरा प्रवाह उठतात आणि आतला फ्लक्स मागे रेंगाळतो. बाहेरचे ध्रुव पातळ पत्र्यांचे असल्याने तिथलं क्षेत्र वेळेवर येतं. १०० तले ६ मिलिव्होल्ट म्हणजे एकूण फ्लक्स साडेतीन अंशांनी मागे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण इलेक्ट्रॉन क्षेत्र शून्याजवळ असताना सोडायचे असतात, आणि तिथून पुढे अट फ्लक्सच्या बदलावर चालते. फ्लक्स मागे असला तर शून्याच्या क्षणी तो अजून उणे असतो, त्यामुळे पुढच्या पाव आवर्तनात तो गरजेपेक्षा जास्त वाढतो. पाव आवर्तनाच्या निम्म्यावर ही जादा वाढ २.३ टक्के भरते.

आता २.३ टक्के म्हणजे किती? या नोंदीतली माझ्या मते सर्वांत कामाची गोष्ट हीच. फ्लक्समधली चूक कक्षेवर जशीच्या तशी उतरत नाही, तिला 1/(1−n) ने गुणावं लागतं. कारण कक्षा बाहेर सरकली की तिथे लागणारा फ्लक्स वाढतो, पण मिळणाराही वाढतो, आणि चूक भरून निघते ती त्या दोहोंच्या फरकातूनच. n = ०.७ असेल तर गुणक ३.३. म्हणजे २.३ टक्क्यांची चूक कक्षेला साडेसात टक्के, साडेचार मिलिमीटर बाहेर नेते. आणि शिखरापर्यंत जायचं ठरवलं तर ११ मिलिमीटर. अरुंद नळीत हे इलेक्ट्रॉन सरळ भिंतीवर. n कमी घेतला तर हा गुणक उतरतो, पण उभ्या दिशेची पकड सैल होते. मी ०.७ वरच राहतोय.

गाभा बदलला. फेराइटच्या चकत्या एकावर एक रचून तेवढीच उंची केली. या क्षेत्राला फेराइट सहज पुरतं, गाभ्यात ५५ मिलिटेस्लाच तर आहेत. पाव आवर्तन मागचा भाग ६ वरून ०.४ मिलिव्होल्टवर आला, आणि मग आकाराची चूक स्वच्छ दिसली. ३.६ च्या फटीवर मोठी कडी ७ मिलिव्होल्टने वरचढ, म्हणजे सरासरी दुप्पट नव्हे तर २.१४ पट. ७ टक्के गुणिले ३.३ केलं की कक्षा ७३ मिलिमीटरच्या पुढे, तेच ते सुरुवातीचे १३. कारण साधं: गाभ्याच्या कडेने फ्लक्स बाहेर फुगतो आणि गाभा दीडेक मिलिमीटर जाड असल्यासारखा वागतो. माझ्या हिशेबात तो फुगवटा नव्हताच.

०.२ मिलिमीटरच्या तीन चकत्या. प्रत्येकीने अडीच मिलिव्होल्ट खाली. ४.२ वर उणे ०.५. गुणोत्तर १.९९, कक्षा ५९ मिलिमीटर. अजून पातळ चकती मिळाली तर शून्यही गाठता येईल, पण सध्या ते थांबवलंय, कारण नवीनच गोष्ट दिसली आहे. छोटी कॉइल कक्षेवरून आठ जागी फिरवली, तर चुंबकाच्या परतीच्या दोन खांबांसमोर तिचा व्होल्टेज ०.८ मिलिव्होल्ट जास्त येतो आणि मधल्या दोन बाजूंना तेवढाच कमी. कक्षेची सरासरी त्रिज्या गोलाभोवतीच्या सरासरी क्षेत्रावर ठरते, म्हणून १.९९ हा आकडा मी आठही वाचनांची सरासरी घेऊन काढलाय. एकाच बिंदूवर मोजून फट जुळवली असती तर, कॉइल कुठे ठेवली होती यावर, कक्षा दीडेक मिलिमीटर आत किंवा बाहेर धरून बसलो असतो.