तीसचा टोमॅटो

"शेतकऱ्याला किलोला जेमतेम आठ रुपये मिळतात आणि आम्ही तीसने घेतो. मधले बावीस कोण खातं?"

तुम्ही विचारलंत म्हणून एका कॅरेटचाच हिशेब सांगते. कोरेगाव तालुक्यात आमचा टोमॅटो आहे आणि धाकट्या भावाचा पुण्यात भाजीचा गाळा आहे, त्यामुळे दोन्ही टोकांच्या वह्या आमच्याच घरात असतात.

गेल्या हंगामातला एक दिवस घ्या. वीस किलोचं कॅरेट गुलटेकडीच्या मार्केट यार्डात २०० रुपयांना गेलं. त्यातून गाडीभाडं ३० आणि हमाली-तोलाई ७ वजा जाऊन पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, १६३ आले, म्हणजे किलोला आठ. तोडणीच्या मजुरीचे १५ काढले की १४८ उरले. रोपं, तार-काठी, फवारणी, सगळं त्यातूनच भागवायचं.

आता हेच कॅरेट १०० ला गेलं तर? भाडं तेवढंच, हमाली तेवढीच, तोडणीही तेवढीच. हातात ४८ राहतात. भाव निम्मा झाला आणि आमचं उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर आलं. मधला बहुतेक खर्च कॅरेटमागे असतो, दरावर ठरत नाही. सगळ्यांचं भागल्यावर जे उरेल ते आमचं. म्हणूनच टोमॅटो स्वस्त असतो तेव्हा ही दरी सगळ्यात मोठी दिसते.

भावाच्या वहीत तेच कॅरेट २४० ला पडतं. लिलावात घेणाऱ्याने निवड करून, आपला नफा आणि अडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल लिलावात विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन, धरून दिलेलं. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे, पण खरेदीदार ती पुढच्या दरात घालतोच. टेम्पोचे २० धरून २६० झाले. पहिल्या दिवशी निवडक ८ किलो तीसने जातो. दुसऱ्या दिवशी ५ किलो वीसने. तिसऱ्या दिवशी मऊ पडलेला ४ किलो खानावळवाला दहाने नेतो. उरलेले ३ किलो दबलेले, चिरलेले, वजनात घटलेले. एकूण ३८० रुपये, म्हणजे सरासरी किलोला एकोणीस. तुम्हाला तीसची पाटी दिसते, पण त्या तीसमध्ये फेकलेल्या तीन किलोंचीही किंमत असते. उरलेल्या १२० मधून गाळ्याचं भाडं, पिशव्या आणि पोराचा पगार जातो.

अडत्याला मी फुकट खाणारा म्हणणार नाही. तो आमची पट्टी लगेच चुकती करतो आणि किरकोळवाल्याला उधारीवर माल देतो. एखादा बुडाला तर ते पैसे त्याचे जातात. पण हंगामाआधी ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल न्यावा लागतो, आणि तिथे भाव कमी निघाला तरी दुसरीकडे जाता येत नाही. एकदा आमच्या पट्टीवर 'घट' म्हणून प्रत्येक कॅरेटमागे एक किलो कापला होता, वजन समोर न करता. तेव्हापासून घरून वजन करून चिठ्ठी पाठवतो. त्या चिठ्ठीशी पट्टी ताडून बघितली की खरी घट किती आणि कापाकापी किती, ते कळतं.

सगळ्यात मोठी जोखीम वेळेची. गाडी रात्री निघते. खंबाटकीच्या बोगद्यापाशी अपघात होऊन दोन तास गेले की यार्डात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं उठलेली असतात. माल परत आणता येत नाही, दोन दिवस ठेवताही येत नाही. सांगलीची हळद तशी नाही. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षं राहायची, २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं बिघडली तरी आज गोदामात हळद भाव येईपर्यंत थांबते. टोमॅटोला थांबणं नाही, म्हणून सकाळी जो भाव निघेल तो घ्यायचा.

मग थेट का विकत नाही? विकून बघितलं. एका रविवारी पुण्यातल्या सोसायटीत २० कॅरेट नेली, किलोला वीस. ११ कॅरेट संपली, ४४०० रुपये आले. उरलेली नऊ संध्याकाळी एका गाळेवाल्याला कॅरेटला साठ रुपयांनी द्यावी लागली. गाडीचे २५०० वजा केल्यावर कॅरेटमागे १२२ पडले. यार्डात १६३ मिळाले असते, आणि आम्ही चार माणसं दिवसभर उभी होतो ती मजुरी धरलेलीच नाही.

आता त्याच सोसायटीतल्या ताई गुरुवारी आकडा कळवतात. तेवढीच कॅरेट शनिवारी तोडतो, भावाच्या टेम्पोतून पाठवतो, उरत काही नाही. पंधराच्या वर आकडा अजून गेलेला नाही. बाकीचा माल आजही यार्डातच जातो.