सोंड्याची सोंड

पावसाळ्यात तांदळाचा डबा उघडला की वरच्या दाण्यांवरून एखादा सोंडा चालताना दिसतोच. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी, पाठीवर चार फिकट नारिंगी ठिपके आणि पुढे चेहऱ्याला न शोभणारी सोंड. तिच्या टोकाला तोंड, बुडाशी डोळे. मादी या सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि चिकट स्रावानं भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात हे आले कुठून हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो. घरातली बाकी मंडळी तांदूळ उन्हात पसरतात. मी त्यातला एक सोंडा उचलून त्याचा फोटो काढायला बसते.

या प्राण्याचा फोटो अवघड होतो तो सोंडेमुळे. मॅक्रो लेन्सनं त्याची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या दुप्पट आकाराची पाडली, तर एफ ५.६ ला स्पष्ट दिसणारा थर सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या पुढचं, मागचं सगळं धूसर. सोंडा जरा तिरका, आपल्याकडे तोंड करून उभा असला तर सोंडेच्या टोकापासून मागच्या पायांपर्यंत दोन मिलिमीटर खोली सहज होते. म्हणजे डोळा नीट आला की सोंड धुरात जाते आणि सोंड नीट आली की डोळ्याच्या जागी नुसता काळा डाग उरतो.

मग एफचा आकडा वाढवून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, बारीक करावं आणि स्पष्ट थर जाड करावा, असं कुणालाही वाटेल. पण इतक्या जवळून लेन्सवरचा आकडा खरा राहत नाही. प्रतिमा जितकी पट मोठी त्यात एक मिळवून लेन्सवरच्या आकड्याला गुणायचं. दुप्पट आकाराला एफ १६ चा हिशेब एफ ४८ वर जातो. इतक्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूची चकती होते. सोंडा टोकापासून शेपटापर्यंत सारखा दिसतो खरा, पण सारखाच मऊ. पुढच्या वक्षावरचे गोल खळगे, जे बघण्यासाठी हा खटाटोप, ते सपाट होऊन जातात.

म्हणून फोकस स्टॅकिंग. अ‍ॅपर्चर एफ ५.६ लाच ठेवायचं, सोंड्याचे पुढून मागे एकेक थर टिपायचे आणि प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा घेऊन एक चित्र जुळवायचं. थर पाव मिलिमीटरचा असला तरी त्याच्या कडा मधल्या भागाइतक्या कोरीव नसतात, त्यामुळे दर वेळी पाव मिलिमीटर पुढे जाऊन भागत नाही. मी एक दशांश मिलिमीटर सरकते. दोन मिलिमीटरला वीस पावलं झाली. त्यात सोंडेच्या टोकाच्या अलीकडची दोनतीन आणि पायांच्या पलीकडची दोनतीन धरली की पंचवीसेक फोटो होतात. अलीकडची पावलं फुकट वाटतात, पण टोक हुकलं तर चित्रच हुकलं.

हे सरकणं हातानं होण्यातलं नाही. कॅमेरा ज्या पट्टीवर बसतो तिला माझ्याकडे साधा एम ६ चा स्क्रू आहे. त्याच्या आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, म्हणजे एक पूर्ण फेरा हा एक मिलिमीटर. स्क्रूच्या डोक्याला जुनी सीडी चिकटवून तिच्यावर दहा रेषा आखल्या की झालं. फक्त फिरवायचं ते एकाच दिशेनं. मध्येच उलटं फिरवलं तर आट्यांमधली ढिलाई पावलाचा काही भाग गिळते. रेषा पुढे गेलेली दिसते, कॅमेरा मात्र जागचा हललेला नसतो. विकत मिळणाऱ्या मोटारीच्या पट्ट्या हेच काम झोपेत करतात. शिवाय आता बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस आपोआप पुढे नेण्याची सोय असते. मला सीडी फिरवायला आवडतं, एवढंच.

जिवंत सोंड्याला हात लावला की तो पाय आवळून मेल्याचं सोंग घेतो. इथपर्यंत आपल्या सोयीचं. पण फोटो निम्म्यावर आले की सोंग संपतं, एक मिशी हळूच उघडते आणि जुळवलेल्या चित्रात त्याला तीन मिशा येतात. ही तक्रार फार जुनी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोष्टींची चित्रं रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये छापली. त्यातली मुंगी काही केल्या स्थिर राहीना, तेव्हा त्यानं तिला दारूत बुडवलं. ती झिंगून निपचित पडली आणि पुढे अचानक शुद्धीवर येऊन पळून गेली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी पाहून खरा आकार कळल्याशिवाय तो चित्राला हात घालत नसे. म्हणजे स्टॅकिंगच ते, फक्त डोक्यात केलेलं. मी दारूच्या वाटेला जात नाही. उन्हातल्या तांदळात आपणहून मेलेले पुष्कळ मिळतात.

जुळवणीचं काम संगणकाचं. झेरीन स्टॅकर या प्रोग्रॅममध्ये त्याचे दोन मार्ग आहेत. PMax बारीक केस आणि एकमेकांवरून जाणारे पाय छान पकडतो, पण फोटोतला दाणेदारपणा वाढवतो आणि रंग जरा रखरखीत करतो. DMap पाठीवरच्या नारिंगी ठिपक्यांचा मऊपणा राखतो, मात्र पाय पायावर आला की गोंधळतो. मी दोन्ही करून घेते. DMap चं चित्र खाली ठेवते आणि पायांपुरतं PMax मधलं वर रंगवते.

आपण कुठे चुकलो हे चित्रच सांगतं. पाठीवर आडवा धूसर पट्टा आला, तर मधलं एक पाऊल मोठं पडलं किंवा तेव्हाच कुणीतरी दाणकन दार लावलं. सेन्सरवर धुळीचा कण असेल तर फोटो एकमेकांवर बसवताना तो दर वेळी थोडा सरकतो आणि कडेला ठिपक्यांची ओळ उमटते. हे दोन्ही दुरुस्त होतं. सोंड जिथे पुढच्या पायासमोर येते तिथलं मात्र होत नाही. पाय स्पष्ट असतो त्या फोटोत पुढची सोंड इतकी पसरलेली असते की तिच्या दोन्ही बाजूंचा पाय तिच्या धुरात बुडतो. तो तुकडा एकाही फोटोत नीट नसतो. प्रोग्रॅम तिथे फिकट कडा सोडतो, नाहीतर सोंड काचेची करून तिच्यातून पाय दाखवतो. अशा वेळी सोंडा किंचित वळवून पुन्हा पहिल्यापासून फोटो काढणं हाच खरा इलाज.

कुठे थांबायचं यावर मात्र आमच्या घरी एकमत नाही. सोंडा ज्या दाण्यावर बसवलेला असतो तो मी मुद्दाम धूसर सोडते, मागच्या पायांच्या पलीकडचे फोटो जुळवणीत घेतच नाही. सगळंच कोरीव झालं की सोंडा दाण्यावर डिंकानं चिकटवल्यासारखा दिसतो, खोली उरत नाही. भाऊ शेतकी कॉलेजात शिकलेला, त्याला हे पटत नाही. त्याच्या मते दाण्यावरचं भोक दिसलंच पाहिजे, नाहीतर तो फोटो कामाचा काय! त्याच्यासाठी आणखी दहाबारा पावलं मागे जाऊन वेगळी जुळवणी करते. तिच्यात भोक अगदी स्वच्छ येतं, काठाचा भुगासुद्धा दिसतो. भिंतीवर मात्र माझीच लावली आहे.